शंभरातले एकोणसाठ

बँकेत त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यावरून कोणीतरी एकदा म्हणालं, "नवरा भिंगं विकतो आणि बायको ती डोळ्याला लावून आपल्या फायली बघते." तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. उलट मनातून त्या थोड्या सुखावल्याच असाव्यात, असा माझा संशय आहे.

भिंगबाईंचं काम छोट्या कारखान्यांची कर्जं तपासायचं. माणूस येतो, खुर्चीत बसतो, धंदा कसा जोरात चाललाय ते सांगतो. सगळ्यांचेच धंदे जोरात चाललेले असतात, तरी कर्ज हवं असतं. बाई ऐकून घेत, मान डोलावत, चहा मागवत. आणि चहा संपला की एकच प्रश्न विचारत, "हे सगळं विकता कुणाला?" या प्रश्नाला भलेभले गडबडत. जग खोटं आहे असं बाईंचं म्हणणं नव्हतं हो. पहिल्या झटक्यात त्यांना काही खरं वाटायचं नाही, एवढंच. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "आमची सून ताक काय, पाणीसुद्धा फुंकून पिते."

पुठ्ठेवाल्यांची फाइल बाईंकडे बरीच वर्षं होती. पुठ्ठेवाले म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणारे. माल भरून पाठवायला लागतात ना, ती. साधा माणूस, बोलणं कमी, खळीने चिकट झालेली बोटं कायम रुमालाला पुसत असायचे. हिशेब त्यांची बायको बघायची. तिला बँकेत सगळे वहिनी म्हणत. हप्ता कधी चुकला नाही, कागद कधी अर्धवट आला नाही. पण गेल्या वर्षी त्यांनी नव्या मशीनसाठी कर्ज मागितलं, तेव्हा बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं.

विक्रीच्या शंभर रुपयांतले अठ्ठेचाळीस बिस्किटवाल्या कंपनीकडून येत होते आणि सत्तावीस साबणवाल्यांकडून. उरलेल्या पंचविसात बाकी सगळी दुनिया.

"दोनच गिऱ्हाइकांवर पंचाहत्तर?" बाई म्हणाल्या. "उद्या बिस्किटवाल्यांनी तोंड फिरवलं तर?"

"इतकी वर्षं आहेत, बाई. ते कशाला फिरवतील?"

"लेखी करार आहे?"

"करार नाही. दर महिन्याला ऑर्डर येते."

"म्हणजे हप्ते पाच वर्षांचे आणि ऑर्डर एका महिन्याची," बाई म्हणाल्या. पुठ्ठेवाल्यांनी रुमाल काढला.

बाईंचं चुकत होतं असं नाही. ज्याने पैसे द्यायचे त्याने हे बघायलाच हवं. दोन गिऱ्हाइकांवर चालणारा कारखाना म्हणजे दोन पायांचं स्टूल. भाव ती दोघं ठरवणार, पैसे ती दोघं हवे तेव्हा देणार, आणि आपण हूं की चूं करू शकणार नाही. शिवाय बँकेने खेळतं भांडवल दिलेलं असतं ते येणं असलेल्या बिलांच्या भरवशावर. त्यातली अर्धी बिलं एकाच्याच नावावर असली आणि तो एक बुडाला, तर कारखाना बुडतो आणि त्याच्यामागून बँकेचा भरवसाही. म्हणून बाईंनी मशीन नामंजूर करून शेरा मारला: दोन मोठ्या गिऱ्हाइकांचा वाटा साठ टक्क्यांच्या खाली आल्यावर पुन्हा विचार करू.

पुठ्ठेवाल्यांनी जाताना दारात थांबून विचारलं होतं, "खाली आणायचा म्हणजे कसा, बाई?"

बाईंच्या टेबलावर दुसरी फाइल उघडलेली होती. "कसं ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "आकडा खाली आला की मशीनचं बोलू."

आता बरोबर एका वर्षाने आकडा आला होता. एकोणसाठ!

शाखेतले साहेब खूष. साहेबांना वर्षअखेरच्या आत कर्जं वाटून दाखवायची होती आणि ही केस म्हणजे तयार ताट. "बघा, तुमची अट पुरी केली माणसाने. आजच शिफारस लिहून टाका," साहेब म्हणाले. पुठ्ठेवाले समोर बसले होते, शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा चेहरा करून. शेजारी वहिनी. आणि त्यांच्या पलीकडे एक वयस्क बाई, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. ती पुठ्ठेवाल्यांची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकटी राहायची. नव्या कर्जाला जादा तारण लागत होतं, म्हणून तिने आपलं राहतं घर देऊ केलं होतं.

"धाकटा आहे माझा," ताई बाईंना म्हणाली. "त्याच्यासाठी देतेय. पण एक विचारू? घर जाणार नाही ना हो?"

साहेब मोठ्याने हसले. "अहो ताई, बँक काय घरं गोळा करते का?" भिंगबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. जे दहा-बारा वर्षांत झालं नाही, ते एका वर्षात झालं कसं? नवी गिऱ्हाइकं काय आभाळातून पडली?

"कागद ठेवून जा. मी बघते," त्या म्हणाल्या. पुठ्ठेवाल्यांचा चेहरा उतरला.

बाईंनी यादी उघडली. नवी नावं पंधरा-वीस होती, सगळी बारकी. मेणबत्त्यावाला, बुटांचे तळवे करणारा, खेळणीवाला, कुणी बल्ब विकणारा. बाईंना हा खेळ नवा नव्हता. मेव्हण्याच्या नावाने दुकान काढायचं, चुलतभावाच्या नावाने दुसरं, त्यांना माल विकल्याची बिलं फाडायची, म्हणजे गिऱ्हाइकं वाढलेली दिसतात. कधीकधी माल जातो मोठ्या गिऱ्हाइकालाच, फक्त बिल मधल्या एकाच्या नावावर निघतं. गळ्यात माळा बारा, देव एकच! बाईंनी मनात निकाल लावून टाकला की पुठ्ठेवाल्यांनीही तेच केलंय. साध्या माणसांचा त्यांना जास्त संशय यायचा, कारण साध्या माणसाकडे कोणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पायपीट करायला निघाल्या. साहेब म्हणाले, "अहो, फोन करा की!" फोनवर मेव्हणासुद्धा मेणबत्त्यावाला होऊ शकतो, हे साहेबांना कोण सांगणार?

मेणबत्त्यावाला खरा निघाला. खोलीभर मेणाचा वास, भिंतीला लागून खोकी रचलेली. तळव्यांवाला खरा निघाला. खेळणीवाली एक तरुण मुलगी होती, तीही खरी. कोणी कोणाचा मेव्हणा नव्हता, पैसेही चेकने दिलेले. बाई जरा खट्टू झाल्या, खोटं कशाला बोला. संशय खोटा ठरला की माणसाला आनंद व्हायला हवा, पण होत नाही.

"खोकी कशी आहेत?" त्यांनी निघता निघता मेणबत्त्यावाल्याला विचारलं.

"झकास! आणि भाव तर असा, बाई, की मी त्यांना विचारलं, चोरीचा माल आहे का म्हणून!" तो हसत सुटला. "माझा जुना पुठ्ठेवाला या भावात नुसता कागदसुद्धा देत नाही."

बाईंचा पाय उंबऱ्यावरच अडला. त्यांनी त्याच्याकडून बिल मागून घेतलं आणि किलोचा भाव काढला. मग त्याच महिन्यात पुठ्ठेवाल्यांनी कागद कितीला घेतला होता ते फाइलीत पाहिलं. कागदाचा भाव आणि खोक्याचा भाव यांच्यात जेमतेम चहा-पाण्याइतकं अंतर होतं. त्यात मजुरी, खळ, छपाई, वाहतूक, सगळं बसवायचं होतं. कसं बसणार, डोंबल!

तशाच त्या कारखान्यावर गेल्या. कळवून जायची त्यांची रीत नव्हतीच.

शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यांना दिसले ते कातरणीचे गठ्ठे. पुठ्ठा कापताना कडेच्या पट्ट्या निघतात, मशीन लावताना पहिले काही नग वाया जातात, ते सगळं बांधून रद्दीत देतात. गेल्या खेपेला हे गठ्ठे कोपऱ्यात बसले होते. आता छताला टेकायला आले होते.

"एवढं वाया?" त्यांनी मुकादमाला विचारलं. मुकादम जुना माणूस, फटकळ.

"वाया नाही जाणार तर काय होणार? आधी बिस्किटाचं खोकं लावलं की अख्खी पाळी तेच. आता सकाळी मेणबत्ती, मग बूट, मग बाहुली. दर वेळी साचा बदला, शाई धुवा, माप लावा. मशीन चालतं कमी, लागतं जास्त. तीनशे नगांची ऑर्डर, त्यात तीस लावण्यात जातात."

"मग बिस्किटाचं कधी करता?"

"मधेमधे. वेळ मिळाला तर." मुकादमाने दुसरीकडे बघितलं. "शेठ म्हणाले, बारक्यांची आधी करा, आकडा वाढायला हवा."

 बाई तडक आत ऑफिसात गेल्या. वहिनी एकट्याच बसल्या होत्या. बाईंनी आडवळण घेतलं नाही. "वहिनी, बारक्या गिऱ्हाइकांत सुटतं काय?"

वहिनींनी आधी पदर सारखा केला, मग टेबलावरची पिन उगाच उचलून ठेवली. "काही सुटत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पदरचे जातात. मी यांना सांगितलं होतं. तर म्हणाले, एक वर्ष सोसू. आकडा खाली आला की मशीन मिळेल, मशीन आलं की खर्च कमी होईल. कमी भाव लावल्याशिवाय नवी गिऱ्हाइकं येणार कशी, बाई? त्यांचे आपापले पुठ्ठेवाले ठरलेले होते."

"आणि हा तोटा भरला कुठून?"

"बिस्किटाच्या आणि साबणाच्या नफ्यातून. कमी पडलं ते घरातून. दुसरं आहे काय?"

इथे एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली आणि आपण ती पहिल्याच दिवशी का बघितली नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. एकूण विक्री गेल्या वर्षीइतकीच होती! शंभर ते शंभरच. बारकी गिऱ्हाइकं पंचविसावरून एक्केचाळीसवर गेली ती वर चढून नाही. साबणवाले सत्ताविसावरून पंचविसावर आले होते. आणि बिस्किटवाले अठ्ठेचाळीसवरून थेट चौतीसवर. म्हणजे एकोणसाठ हा आकडा धंदा पसरल्याचा नव्हताच. मोठं गिऱ्हाईक हातातून निसटत चाललं होतं, त्याचा तो आकडा होता.

बँकेत येऊन त्यांनी बिस्किटवाल्यांच्या खरेदी विभागात फोन लावला. येणं किती बाकी आहे ते पडताळायला बँका असे फोन करतातच. खरेदीवाला सभ्य माणूस होता. बाकी बरोबर निघाली. मग बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऑर्डर कमी केलीत जरा?"

"करावी लागली हो. माल चांगला असतो त्यांचा, त्यात काही म्हणणं नाही. पण गेल्या सहामाहीत चारदा उशीर. खोकी नाहीत म्हणून आमची भट्टी थांबवायची का? आमच्या वरच्यांनी विचारलं, सगळी खोकी एकाच माणसाकडून का घेता? उद्या तो बंद पडला तर? मग दुसरा धरला."

"आणि पुढे?"

"आणखी एकदा उशीर झाला तर सगळंच त्या दुसऱ्याकडे जाईल. हे मी तुम्हाला बोललो नाही."

बाईंनी फोन ठेवला. एकावर विसंबू नये ही अक्कल दोन्हीकडे होती, आणि दोघांच्या अकलेत मधल्यामधे एक माणूस भरडला जात होता.

संध्याकाळी दुकान बंद करून आलेल्या नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो चेष्टेखोर. एरवी म्हणाला असता, "शेवटी सापडला ना चोर?" पण बायकोचा चेहरा बघून त्याने चेष्टा आवरली.

"मी चोर शोधत होते," बाई म्हणाल्या. "मेव्हणे, चुलते, खोटी बिलं. आणि त्या माणसाने काय केलं, तर मी सांगितलं तेच. शब्दाला शब्द. मला लाज वाटतेय रे."

"तुझी अट चूक होती का मग?"

"अट बरोबर होती. पण कसं करायचं विचारलं त्याने, तर मी मान वर करून बघितलं नाही. मला आकडा हवा होता, त्याने आकडा आणून दिला."

नवऱ्याने दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या. मग म्हणाला, "चुकीच्या नंबरचा चष्मा लावला की गिऱ्हाईक आधी स्वतःलाच दोष देतं. म्हणतं, सवय होईल. आपणच बोलावून पुन्हा तपासावं लागतं."

दुसऱ्या दिवशी साहेबांशी खडाजंगी झाली. बाईंनी शिफारस लिहिली होती: मशीनचं कर्ज देऊ नये, खेळत्या भांडवलाची चालू मर्यादा तशीच ठेवावी, आणि साठ टक्क्यांची अट काढून टाकावी.

"काढून टाकावी?" साहेबांचा आवाज चढला. "अट तुम्हीच घातलीत, ती पुरी झाली आणि आता तुम्हीच कर्ज नाही म्हणता? बाई, तुम्हाला काही दिलं तरी संशयच येतो का?"

"साहेब, मशीन दिलं तर ते मेणबत्त्यांची आणखी खोकी तोट्यात करेल. वर्षाच्या आत बिस्किटवाले जातील. मग हप्ता कुठून भरणार? त्या ताईचं घर विकून."

"आणि अट काढली तर वाटा पुन्हा सत्तरवर जाईल. उद्या बिस्किटवाले गेलेच, तर वरचे विचारतील, ही सही कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या.  "वाटा किती, यापेक्षा तो कशाने बांधलाय ते बघू. बिस्किटवाल्यांशी वर्षभराचा लेखी करार, वेळेवर माल देण्याच्या बोलीवर. तीन महिन्यांवरची जुनी बिलं उचल देताना मोजायची नाहीत. एका गिऱ्हाइकाची कितीही बिलं असली, तरी एका मर्यादेपुढे त्यावर उचल नाही. आणि दर तिमाहीला कुठल्या गिऱ्हाइकात किती सुटलं त्याचा हिशेब. नवी गिऱ्हाइकं जरूर आणावीत, पण नफ्यात. वर्षाला दोन आली तरी चालतील."

साहेबांनी बराच वेळ कागद उलटापालटा केला. "सही तुमची, मान तुमची," असं म्हणून त्यांनी खाली आपलीही सही ठोकली. त्यांनाही त्या म्हाताऱ्या बाईचं घर डोळ्यांसमोर आलं असावं, नाहीतर ते इतक्या सहज ऐकणारे नव्हेत.

पुठ्ठेवाल्यांना बोलावलं. ते, वहिनी आणि ताई, तिघंही आले. मशीन मंजूर झालं असेल म्हणून ताईने पेनसुद्धा बरोबर आणलं होतं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. कातरणीचे गठ्ठे, किलोचा भाव, बिस्किटवाल्यांनी धरलेला दुसरा माणूस. पुठ्ठेवाल्यांना त्या दुसऱ्या माणसाची कुणकुणही नव्हती. ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे वर्षभर मी..." त्यांनी रुमाल मुठीत चुरगळला. मग एकदम उसळले. या माणसाला आवाज चढवताना बँकेत कोणी पाहिलं नव्हतं. "पण तुम्हीच म्हणालात ना, आकडा खाली आणा! मी रात्रीचा दिवस केला. हिचे दागिने मोडले त्या मेणबत्त्यावाल्यापायी! आणि आता म्हणता, बारकी सोडा, मोठ्यांना धरा?"

"हो," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा नीट सांगितलं नाही. चूक माझी."

बँकेत अशी वाक्यं कोणी बोलत नाही. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. वहिनी खाली बघत राहिल्या.

बाईंनी कपाटातून ताईच्या घराचे कागद काढून तिच्यापुढे ठेवले. "हे न्या. याची गरज नाही."

ताईने ते उचलले नाहीत. आधी भावाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "परत देताय म्हणजे याला आता काहीच देणार नाही का?"

"चालू आहे ते चालूच राहील, ताई. घर मात्र यात नको."

तेव्हा कुठे तिने कागद छातीशी धरले आणि तिचे डोळे भरून आले.

पुठ्ठेवाले मात्र उठले नाहीत. बाईंनी नव्या अटींचा कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी तो वाचला, बायकोला वाचायला दिला, परत घेऊन पुन्हा वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही मर्यादा म्हणजे किती, नफा म्हणजे कसला धरायचा, बिस्किटवाले करार करायला नाही म्हणाले तर काय. बाईंनी एकेक सांगितलं. अर्धा-पाऊण तास गेला. मागे दुसरी माणसं ताटकळत होती, पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झालं का समाधान?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," पुठ्ठेवाले म्हणाले. "आत्ता जे जे तोंडी सांगितलंत, ते खाली लिहा आणि सही करा. माझा तुमच्यावर विश्वास होता, बाई. म्हणून तर गेल्या वर्षी पुन्हा काही विचारलं नाही."

बाईंनी पेन उघडलं आणि लिहायला लागल्या. पुठ्ठेवाले खुर्ची पुढे ओढून, त्यांच्या हाताकडे बघत बसले.